कावळ्याचीही बाजू छापा

मा. संपादक,

बालपुरवणीत पुन्हा एकदा चिऊ-काऊची गोष्ट आली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस आला, शेणाचं वाहून गेलं. तात्पर्यही नेहमीचंच, की घर पक्कं बांधावं, नाहीतर कावळ्यासारखी गत होते. या खटल्यात आरोपीला आजवर वकील मिळालेला नाही, म्हणून हे पत्र.

गोष्टीतला एकही प्रसंग बदलायला नको. फक्त ऐकणाऱ्याने दाराच्या आत बसण्याऐवजी बाहेर पावसात उभं राहावं. 'चिऊताई, चिऊताई, दार उघड.' थांब, बाळाला न्हाऊ घालते. थांब, अंग पुसते. थांब, काजळ लावते. थांब, तीट लावते. आतून हे सगळं फार गोड वाटतं. पण बाहेर पंखांतून पाणी निथळत असताना तिसऱ्या 'थांब'ला कोणालाही कळेल, की हे बाळाचं आवरणं नव्हे, हा नकार आहे. तीट लावायला असा किती वेळ लागतो? 'नाही उघडत, जा' असं सरळ म्हणाली असती, तर बिचारा वेळीच दुसरा आडोसा बघता.

अर्थात माझ्या अशिलाला संत ठरवून चालणार नाही. खलनायक अगदीच निर्दोष निघाला की गोष्टीतला जीवच जातो. कावळा लहान पाखरांची अंडी-पिल्लं पळवतो, हे मला कबूल आहे. तेव्हा चिऊची भीती रास्तच. मग भीती वाटते असं सांगावं ना! काजळ-तीट मध्ये कशाला?

आता त्या पक्क्या घराकडे वळू. मेण पावसाला दाद देत नाही, हे खरं. पण ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. म्हणजे भर वैशाखात चिऊच्या भिंती कलणार. बाळाला घेऊन ती कुठे जाणार? काऊच्याच दारी. शेणाचं घर त्याने एव्हाना पुन्हा लिंपलेलं असेल. तेवढी एक सोय कच्च्या घरात असते.

आणि तो दार उघडेल का? त्याचा आजवरचा लौकिक बघा. कोकिळा त्याच्या घरट्यात गुपचूप अंडं घालून जाते आणि कावळा-कावळी ते उबवतात, परक्याच्या पोराला घास भरवतात. फसून का होईना, पण भरवतात. पाहुण्याला चिंब होईपर्यंत बाहेर ताटकळत ठेवणारी सुगरण गृहिणी ठरते आणि हा मात्र आळशी, अजागळ! मला तर या गोष्टीतून एवढंच दिसतं, की घर जितकं पक्कं तितकी कडी काढायला उशीर.

कोकिळेवर आपण दर वसंतात कविता छापता. तिलाही एकदा साक्षीला बोलवावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक