विषय : अनेक पर्याय निवडता येणाऱ्या प्रश्नांवरील फिल्टर चुकीची नावे दाखवत असल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आमची स्वयंसेवी संस्था नोंदणीसाठी आपले फॉर्मचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवते. 'आपण कोणते काम करू शकाल?' या प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरे निवडता येतात, त्यात पर्याय क्रमांक 1 प्रथमोपचाराचा आहे आणि 12 वाहन चालवण्याचा. गेल्या शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मी फिल्टर लावून प्रथमोपचार येणाऱ्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन करू लागले. तिसऱ्याच फोनवर एक बाई म्हणाल्या, "मी फक्त गाडी चालवते, पट्टीसुद्धा बांधता येत नाही मला." यादीत 64 नावे होती. सगळे अर्ज उघडून हाताने मोजले तेव्हा प्रथमोपचार निवडलेले 23 जणच निघाले, आणि उरलेल्या 41 जणांपैकी प्रत्येकाच्या उत्तरात 10, 11 किंवा 12 होता.

डेटाबेसमध्ये पाहिल्यावर कारण लगेच कळले. निवडलेले सर्व पर्याय आपण एकाच रकान्यात स्वल्पविरामाने जोडलेला मजकूर म्हणून साठवता आणि फिल्टर त्या मजकुरात नुसता अंक शोधतो :

```
SELECT id FROM responses
WHERE answer LIKE '%1%';
```

या अटीचा अर्थ 'पर्याय 1 निवडला आहे' असा होत नाही, 'मजकुरात कुठेतरी 1 हे चिन्ह आहे' एवढाच होतो. त्यामुळे `1,4` बरोबर येते, पण `12` आणि `3,10` हेही येतात. आमच्या फॉर्ममध्ये आधी आठच पर्याय होते, तोवर सर्व क्रमांक एकअंकी असल्याने ही चूक दिसूच शकली नाही. चार नवे पर्याय जोडले त्या दिवसापासून ती सुरू झाली. त्यातही 1 आणि 2 या दोनच पर्यायांच्या याद्या बिघडल्या, कारण 10, 11, 12 मध्ये 1 आहे आणि 12 मध्ये 2. बाकीच्या याद्या अचूक येत राहिल्याने आम्ही बरेच दिवस आमच्याच नोंदींवर संशय घेत बसलो.

जास्तीचे नाव निदान फोन केल्यावर उघडे पडते. मला खरी काळजी उलट्या फिल्टरची आहे. 'ज्यांनी प्रथमोपचार निवडलेला नाही' अशांना प्रशिक्षणाचे निमंत्रण पाठवताना आपण `NOT LIKE '%1%'` वापरता, म्हणून `12` उत्तर असलेल्या त्या बाई यादीतून गळाल्या. ज्याचे नाव आलेच नाही, तो तक्रार कशी करणार?

पहिल्या तक्रारीनंतर आपल्या तंत्रज्ञांनी अट बदलून `'%1,%'` केली. त्याने दुखणे फक्त जागा बदलून बसले, कारण ज्यांचे उत्तर नुसते `1` आहे त्यांच्यामागे स्वल्पविराम नसल्याने ते सुटतात आणि `11,12` मात्र अजूनही सापडते. तात्पुरता उपाय करायचाच असेल, तर मजकुराच्या दोन्ही टोकांना स्वल्पविराम जोडून संपूर्ण क्रमांक शोधावा लागेल. जुन्या आयात केलेल्या नोंदींत स्वल्पविरामानंतर मोकळी जागा आहे, तीही आधी काढावी लागेल :

```
WHERE CONCAT(',', REPLACE(answer, ' ', ''), ',')
      LIKE '%,1,%'
```

मायएसक्यूएलमधील `FIND_IN_SET` वापरू असे आपण कळवले होते. ते संपूर्ण क्रमांकच जुळवते हे खरे, पण `1, 4` अशा नोंदीत त्याला 4 सापडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दुसरे मूल्य मोकळ्या जागेसह ' 4' असे असते.

तरीही हे ठिगळच आहे आणि अशा शोधाला त्या रकान्यावरील इंडेक्सचा उपयोग होत नाही. प्रत्येक निवडीची स्वतंत्र ओळ ठेवणारे वेगळे टेबल करावे, त्यात अर्जाचा आणि पर्यायाचा क्रमांक असावा, आणि फिल्टरने `option_id = 1` अशी थेट तुलना करावी, ही माझी मुख्य मागणी आहे. स्थलांतर करताना रिकामी उत्तरे वगळून प्रत्येक जुन्या उत्तरातील स्वल्पविरामांची संख्या अधिक एक यांची बेरीज नव्या टेबलातील ओळींइतकी येते का, हे कृपया तपासावे. बेरीज जुळली नाही, तर जुन्या नोंदींत दुबार क्रमांक किंवा शेवटी लोंबकळणारा स्वल्पविराम असण्याची शक्यता आहे.

नऊपेक्षा जास्त पर्याय असलेल्या आपल्या इतर ग्राहकांच्या यादीतही हेच घडत असणार, म्हणून त्यांनाही हे कळवावे. तात्पुरती दुरुस्ती सात दिवसांत करावी आणि नव्या टेबलाची तारीख लेखी कळवावी, ही विनंती. वरील 41 नोंदींचे अर्ज क्रमांक सोबत जोडले आहेत.

आपली विश्वासू,
नोंदणी समन्वयक