पांढऱ्या कड्याविषयी

घाटंजी, जि. यवतमाळ

प्रिय दिनकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लघवीला आग होते आणि पुढची कातडी मागे सरत नाही, हे तू अगदी शेवटच्या दोन ओळींत, सोयाबीनच्या भावाखाली दडवून लिहिले आहेस. त्या दोन ओळी मी चारदा वाचल्या, कारण दोन वर्षांपूर्वी माझी अवस्था हीच होती आणि मी ती तुलाही सांगितली नव्हती.

माझ्या कातडीच्या टोकाला आधी बारीक चिरा पडत. त्या भरताना तिथे पांढुरका, चकचकीत, चामड्यासारखा कडक व्रण होई, आणि वर्षभरात त्या व्रणांचे कडे झाले. लघवी करताना कातडी आतून फुग्यासारखी फुगायची, मग बारीक धार वाकडी जायची, आणि आटोपून उठलो तरी धोतर ओले होई. गावच्या दवाखान्यातून मला बुरशीचे, जंतूंचे आणि स्टेरॉइडचे औषध एकत्र असलेली ट्यूब मिळाली. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. अशा चार ट्यूबा संपवल्या. रक्तातील साखर मात्र त्यांनी तपासली, ते बरे केले, कारण मधुमेहातही कातडीला चिरा पडतात. माझी साखर ठीक निघाली.

शेवटी यवतमाळला त्वचारोगतज्ज्ञांनी नुसते पाहूनच नाव सांगितले: लायकेन स्क्लेरोसस. तो जंतूंचा आजार नाही आणि कुणाकडून लागतही नाही, त्यामुळे बायकोसमोर मान खाली घालण्याचे कारण नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नेमके मूळ अजून पूर्ण उलगडलेले नाही, पण लघवीनंतर कातडीखाली अडकून राहणारे थेंब हे त्यातले मोठे कारण मानतात. म्हणूनच लहानपणी सुंता झालेल्यांत हा आजार फार क्वचित दिसतो.

पहिला उपाय मलमाचाच होता, पण मलम वेगळे: क्लोबेटासॉल प्रोपियोनेट ०.०५ टक्के, तुरीच्या दाण्याएवढे, रोज रात्री एकदा, त्या पांढऱ्या कड्यावर. आजार लवकर सापडला तर एवढ्यानेच कातडी सैल होते. माझ्या चिरा तीन महिन्यांत भरल्या, आग कमी झाली, पण कडे तसेच राहिले. सूज मलमाने उतरते, जुना घट्ट व्रण उतरत नाही. मी मधे एकदा हट्टाने कातडी मागे ओढली आणि नवी चीर पाडून घेतली. तू हे मुळीच करू नकोस, कारण कातडी मागे अडकून पुढचा भाग सुजला तर रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावे लागते.

मग सुंता करायचे ठरले. मला त्या शब्दाचीच लाज वाटली, हे कबूल करतो. गावात काय म्हणतील, हा विचार आजारापेक्षा मोठा वाटत होता. सर्जन म्हणाले की धर्माचा इथे संबंध नाही, आजारी कातडी आहे ती काढायची. अर्धवट कातडी ठेवा, अशी विनंती मी केली, पण उरलेल्या घडीत आजार परतू शकतो म्हणून त्यांनी नकार दिला. मुळाशी इंजेक्शन देऊन तेवढाच भाग बधिर केला, आणि संध्याकाळी मी घरी होतो. टाके आपोआप विरघळणारे होते. पहिला आठवडा सूज आणि उघड्या भागाला कपड्याचा स्पर्श, एवढाच खरा त्रास, लुंगी वापरली. बायकोपासून सहा आठवडे दूर राहायला सांगितले होते.

दोन गोष्टी मात्र विचारून घे. काढलेली कातडी फेकू न देता तपासणीला पाठवायला सांग. या आजारात पुढे कर्करोग होण्याची शक्यता थोडी असते, म्हणून न भरणारा घाव किंवा गाठ दिसली तर वाट पाहू नये. दुसरे, लघवीचे छिद्र आणि आतली नळी पाहायला सांग, कारण आजार तिथेही पसरतो आणि मग सुंता होऊनही धार बारीकच राहते. माझे छिद्र किंचित अरुंद होते. त्यावर मलम आणखी दोन महिने लावले आणि आता धार सरळ, जाड येते. अजून वर्षातून एकदा दाखवून येतो.

तुझे कडे पांढरे आणि कडक झाले आहे की नुसती लाली आहे, हे दिवसाच्या उजेडात नीट पाहा आणि मला कळव. लघवी अजिबात उतरेनाशी झाली तर मात्र कळवत बसू नकोस, त्याच दिवशी जा. वखरणी संपली की सोमवारी आर्वीहून निघून ये. यवतमाळला मी सोबत येतो, आणि आत डॉक्टरांना सांगताना तुझी जीभ अडखळली तर मी सांगेन.

तुझा,
वामन

ता. क.: तू दुकानातून आणून लावतोस ती ट्यूब आजच बंद कर, आणि येताना तिचे खोके घेऊन ये, म्हणजे तू काय लावलेस ते डॉक्टरांना दिसेल.