पप्पांच्या सेंटसोबतची चिठ्ठी

सोन्या,

बाटलीचा फोटो आणि चिठ्ठीचा मजकूर दोन्ही बघितलं. पहिल्या पगारातून पप्पांना सेंट घ्यावंसं तुला वाटलं, हे मी शेजारच्या काकूंना सांगूनसुद्धा टाकलं, पण पप्पांना अजून काही बोलले नाही. चिठ्ठी मात्र बदल. "आता तरी मस्त वास येऊ दे पप्पा" असं लिहिलंयस ना, तू गमतीनं लिहिलंस मला कळतं, पण ज्या माणसानं उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमधे काढली, डिझेल आणि ग्रीसमधे, त्याला रिटायर होताना मुलाकडून सेंट आलं की तो पहिलं काय समजेल सांग. ते काही बोलणार नाहीत, बाटली कपाटात ठेवतील आणि साबण जास्त लावतील.

दुसरी ओळ, "तुम्ही स्वतःसाठी कधीच काही घेतलं नाही", तीही नको. खरं आहे, पण त्यांना ते रागावल्यासारखं वाटतं, मी इतकी वर्षं म्हणून बघितलंय. दिवाळीत सगळ्यांना कापड आणायचे आणि स्वतःला विचारलं की "माझं आहे की अजून". असल्या माणसाला "वापरा" म्हणून चालत नाही, कसं आणि कधी ते लिहून द्यावं लागतं, मग ते डॉक्टरच्या गोळीसारखं वेळेवर करतात.

तू सांगितलंस यात वेटिव्हर आहे, म्हणजे आपला वाळा. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकायचं काम आपल्याकडे यांचंच, आणि लग्नात अत्तरदाणी घेऊन कोणी आलं की हात पहिला यांचा पुढे. म्हणजे वासाची आवड आहे, विकत घ्यायची सवय नाही एवढंच. तर चिठ्ठीत वाळ्याचंच लिही, म्हणजे बाकीचं काही मनात यायला जागाच राहणार नाही. परत तेच बोलतेय मी, जाऊ दे.

मी असं लिहिलंय, बघ:

"पप्पा, यात वाळा आहे, आपल्या माठातला. रोज पूजा झाल्यावर, शर्ट घालायच्या आधी, मानेला एक आणि मनगटाला एक. चोळायचं नाही. आठ महिन्यांत संपवायची आहे."

पूजा झाल्यावर का, तर यात स्पिरिट असतं आणि हे ओल्या अंगानं थेट निरांजन लावायला बसतात. शर्टाच्या आधी, कारण पांढऱ्या शर्टावर डाग पडू शकतो. दाढी केलेल्या गालावर मारतील तर आग होईल, ते मी तोंडी सांगेन. आठ महिन्यांचा हिशोब माझाच, एक फवारा साधारण ०.१ मिली धरला तर ५० मिलीत ५०० फवारे, रोजचे दोन म्हणजे अडीचशे दिवस. मुदत दिली नाही तर बाटली डांबराच्या गोळ्यांशेजारी कपाटात जाईल आणि तुझ्या लग्नात बाहेर येईल. बाथरूमच्या खिडकीतही नको, ऊन आणि वाफ लागली की वास बिघडतो.

अजून एक, पहिल्या दिवशी दहा मिनिटांनी हे म्हणणार की वास उडाला, फसवलं तुला दुकानदारानं. वरचा लिंबासारखा वास लवकर जातोच, वाळा मागून येतो आणि टिकतो, पण लावणाऱ्याच्या नाकाला सवय झालेली असते, त्याला कळत नाही, बाजूच्याला येतो. डिझेलचंही तसंच झालं असणार, यांना कधी जाणवलंच नाही आणि मला दार उघडायच्या आधी कळायचं की आले.

तुला आठवतं का माहीत नाही, पुण्याला होस्टेलवर रात्रपाळी करून तसेच लाडवांचा डबा घेऊन आले होते आणि तू गेटवरच भेटलास, वर रूमवर नेलं नाहीस. घरी येऊन म्हणाले, त्याची परीक्षा होती. मी तुला दोष देत नाहीये, एकोणीस वर्षांचं पोर होतास. पण म्हणून मला चिठ्ठीची काळजी. बघ, नाही बोलायचं ठरवलं होतं आणि बोललेच. रागावू नकोस.

किमतीचं स्टिकर काढ, आणि खाली खोक्यावर छापलेली असते तिच्यावर काही चिकटव. नाहीतर त्यात किती पोती तांदूळ आले असते ते सांगतील. तूही आता जरा पैसे बाजूला टाकत जा, बूट झाले, हेडफोन झाले, पगार हातात येतो तेव्हा... बरं, नाही सांगत. तुझे पैसे आहेत.

कुरिअरनं पाठवू नकोस, स्पिरिटची वस्तू बरेच जण घेत नाहीत. ३१ ला डेपोत निरोप समारंभ आहे, शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघालास तर सकाळी पूजेच्या वेळेला घरी पोचशील, पहिला फवारा तूच मार. रजेचं आजच विचार आणि मला कळव, पुरणाची डाळ किती भिजवायची ते ठरवायचंय.

आई