बढतीचा फॉर्म या वर्षीही कोराच

सोलापूर
२० जानेवारी २०२६

प्रिय बंड्या,

गड्डा यात्रेला तू येशील असं वाटलं होतं. नाही आलास, वर फोनवर मला झापलंस. "बँकिंगची सीएआयआयबी परीक्षा पास होऊन बसलायस आणि अजून क्लार्क म्हणून काउंटरवर? फॉर्म का भरत नाहीस?" त्या वेळी मागे गर्दी होती म्हणून हसण्यावारी नेलं. आता निवांत लिहितो.

आधी हिशेब, कारण तुला आकड्यांशिवाय काही पटत नाही. ८ मार्च २०२४ च्या पगारकराराने क्लार्कच्या मूळ वेतनाची श्रेणी २४,०५० ते ६४,४८० झाली आणि स्केल वनची, म्हणजे अधिकाऱ्याच्या पहिल्या पायरीची, ४८,४८० ते ८५,९२०. नुसतं एवढं पाहिलं तर मी वेडाच ठरतो. पण मी काही २४,०५० वर नाही. २०११ पासूनच्या वेतनवाढी आणि जेएआयआयबी-सीएआयआयबीच्या मिळून तीन, असं करत माझं मूळ वेतन ५७,४०० वर आलंय. आज अधिकारी झालो तर फिटमेंटमध्ये, म्हणजे नव्या श्रेणीत मूळ वेतन बसवताना, थोडा वर सरकेन. सगळं धरून हातात दहा-बारा हजार जास्त येतील असा माझा अंदाज आहे.

त्यासमोर काय ठेवायचं? हिची अनुदानित शाळेतली नोकरी, ती काही माझ्यामागे फिरणार नाही. म्हणजे बदली झाली की मी एकटा बाहेर आणि घर इथे. दुसरी चूल, दर पंधरवड्याला रेल्वे, आईसाठी दिवसभराची बाई. दहा-बारा हजार यातच जिरतात. राहता राहिली खुर्ची. तुझं तूच सांग, रांचीत रात्री आठला कुलूप लावून निघताना त्या खुर्चीचं काय वाटतं? (टोमणा नाही रे, खरंच विचारतोय.)

आता यातली एक बाजू मला टोचते. आपण २०१० नंतरचे, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के आपले आणि १४ टक्के बँकेचे. पगार कमी राहिला की म्हातारपणाची शिदोरीही कमी. वेतन-भत्त्यात दहा हजारांचा फरक धरला तर महिन्याला २,४०० रुपये कमी पडतात, आणि पुढच्या वेतनवाढींबरोबर ही दरी रुंदावतच जाते. "बढती नको, सुखी आहे" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे ठाऊकच नसतं. मी त्या खात्यात दरमहा अडीच हजार स्वतःहून जास्तीचे भरतो. बँकेचे गेलेले पैसे माझ्याच खिशातून जातात, पण ही किंमत मला माहीत आहे आणि ती मी मोजतोय.

दुसरी गोष्ट आपल्या त्या पुण्याच्या दोस्तालाही सांग, तो सध्या कुंपणावर आहे. जायचं नसेल तर फॉर्मच भरू नये. निवड झाल्यावर नको म्हटलं की काही काळ पुढच्या प्रक्रियेत बसू देत नाहीत आणि साहेबांच्या लेखी तुम्ही नाठाळ ठरता. न भरणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

अर्थात ढुंकूनही न बघण्याचा तोटा असतोच. "तुम्हाला सगळं येतं" म्हणत अधिकाऱ्याचं काम क्लार्ककडे सरकतं. मी पूर्वी संध्याकाळी बसून ते उपसायचो. आता नवीन आलेल्या अधिकाऱ्याला शेजारी बसवून एकदा शिकवतो, आणि दुसऱ्यांदा फाइल आली तर परत त्याच्या टेबलावर. पोरं चांगली आहेत, पंचवीस-सव्वीसची. मला सर म्हणतात आणि मीही त्यांना सर म्हणतो. पहिलं वर्ष जड गेलं, मग सवय झाली.

पण मी नुसता घरासाठी थांबलोय असं समजू नकोस. मला इथलं एक काम मनापासून आवडतं. पेन्शन आणि मयत खातेदारांचे दावे. कुणालाच नको असलेलं टेबल, मी मागून घेतलं.

आमच्याकडे पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बायका येतात, बंद पडलेल्या गिरण्यांचे म्हातारे येतात. पेन्शन भविष्यनिर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेची, कित्येकांची हजार-दीड हजार. हयातीच्या दाखल्याला अंगठा लावायला सांगितला की मशीन घेतच नाही. आयुष्यभर पान-तंबाखू वळून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. मग बाकीची बोटं एकेक करून बघायची, हात पुसून, थोडे ओलसर करून. तरी नाही तर मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला काढायचा. तेव्हाही उजेडाकडे तोंड करून बसवावं लागतं, आणि पापण्यांची उघडझाप करायला सांगायचं ते तेलुगूत. एवढं तेलुगू आता येतं मला.

मागे एक बाई आली. नवरा गेला, त्याच्या नावावर सव्वादोन लाखांची ठेव. नॉमिनी कोण, तर दीर. ठेव लग्नाआधी उघडलेली, दर वेळी नूतनीकरण होत गेलं आणि ते नाव तसंच राहिलं. बँक पैसे नॉमिनीलाच देणार आणि तिथे मोकळी होणार. कायद्याने नॉमिनी मालक नसतो, वारसांसाठी पैसे सांभाळणारा असतो, पण हे त्या बाईने दिराला कसं पटवायचं? मी दोघांनाही एकत्र बोलावलं, चहा पाजला, कागदावर लिहून समजावलं. दीर भला निघाला. पैसे त्याच्या खात्यात पडल्या दिवशीच तिच्या खात्यात वळवले. कागदपत्रं पूर्ण झाल्यावर दावा पंधरा दिवसांत निकाली निघायला हवा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे, तो पाळला गेला. पण दीर भला नसता तर मी काहीच करू शकलो नसतो.

त्यानंतर मी दाखल्याला आलेल्या प्रत्येकाला विचारायला लागलो, "नॉमिनी कोण लावलाय?" दहातल्या चौघांना सांगता येत नाही. उघडून बघावं तर कुणाचा बाप, कुणाचा केव्हाच गेलेला भाऊ. तिथल्या तिथे बदलून घेतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीला चार नावं लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं, त्यामुळे दोन मुलींची आईसुद्धा निर्धास्त होते. हे कुठल्याच टार्गेटमध्ये मोजलं जात नाही. पण माझ्या टेबलावरच्या भानगडी कमी झाल्यात हे मला दिसतं. तुझ्या जागी असतो तर तीन वर्षांत बदली आणि नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून ओळखी.

कायमचं ठरवलंय असंही नाही. दर वर्षी फॉर्म निघाला की मी आणि ही बसून पुन्हा हिशेब मांडतो. पोरगी बाहेर शिकायला गेली आणि आईचं सगळं नीट असलं तर कदाचित भरेनही. सीएआयआयबी त्यासाठीच करून ठेवलंय.

तू स्केल फोरला बसतोयस ना? बस. तुला माणसं हाकायला आवडतात, शाळेपासून मॉनिटर होतास. मला त्याचा हेवा वाटत नाही, पण तुझी काळजी वाटते, बीपीची गोळी वेळेवर घे.

आणि हो, काकू परवा पासबुक भरायला आल्या होत्या. त्यांच्या ठेवीला अजून काकांचंच नाव आहे, काका जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मी विचारलं तर म्हणाल्या, "बंडू आला की बघू." तू आणि ताई, दोघांची नावं लावायची का आणि किती किती, ते त्यांच्याशी फोनवर बोलून मला कळव. सहीसाठी मी घरी जाऊन येतो, तू येईपर्यंत थांबायला नको.

तुझा,
पक्या