जलपर्णी काढली, पण ठेवायची कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तलावकाठाच्या सफाईला निधी मिळाल्याची बातमी आली की तिच्यात हातमोजे, टोप्या, यंत्रे सगळे असते. काढलेला कचरा कुठे आणि किती फेऱ्यांत जाणार, हे मात्र नसते. आमच्या गटाचे पहिले अंदाजपत्रकही असेच होते, म्हणून हे पत्र.

आम्ही साठ जणांनी दोन सकाळी राबून जवळपास दहा टन जलपर्णी आणि प्लास्टिक काठावर ओढले. अडीच टनांच्या गाडीची एकच फेरी धरली होती; लागणार होत्या चार. परवानगीच्या पत्रात ‘काठाची सफाई’ एवढेच होते. ढीग काठावर ठेवण्याचा किंवा कचरा डेपोत उतरवण्याचा त्यात शब्दही नव्हता, त्यामुळे डेपोच्या काट्यावरून गाडी परत आली. चौथ्या दिवशी पाऊस पडला आणि अर्धा ढीग घसरून पुन्हा पाण्यात गेला.

खरे तर जलपर्णीत साधारण ९५ टक्के पाणीच असते. म्हणजे दहा टनांत सुका भाग जेमतेम अर्धा टन. ती पातळ पसरून, उलथून, पाण्याचा अंश ८० टक्क्यांवर आणला तर वजन अडीच टनांवर येते आणि एका फेरीत काम भागते. त्यासाठी काही दिवस कडक ऊन हवे आणि पुराच्या रेषेच्या वरची जागा हवी. तिथून निथळणारे पाणी सरळ तलावात जाता कामा नये, नाहीतर कुजलेल्या पानांतले खत त्याच पाण्यात उतरते आणि जलपर्णी पुन्हा फोफावते. जागेची परवानगी मागायची ती यासाठी. प्लास्टिक मात्र उपसतानाच वेगळे काढावे. चिखलाने माखलेले भंगारवालाही घेत नाही.

म्हणून आता आम्ही आधी अर्जात चार गोष्टी लिहून घेतो: काठावर काम, सुकवायची जागा, डेपोचे नाव आणि तारखा. पक्ष्यांच्या विणीचा काळ तारखांतून वगळतो. पत्र हाती आल्याशिवाय गाडी आणि यंत्र ठरवत नाही, कारण भाडे दिवसावर चढते, परवानगी आलेली असो वा नसो.

स्वयंसेवकांवरचा खर्च त्या मानाने थोडा. जाड रबरी हातमोजे, दाताळी, पाणी, प्रथमोपचार आणि दर दहा जणांमागे एक जाणता माणूस. काच आणि सुयांसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा वेगळा ठेवतो. सुई दिसली तर कुणी हात लावायचा नाही, जाणत्यालाच हाक मारायची. तळाचा गाळ आम्ही अंदाजपत्रकात धरतच नाही. ते हौशी माणसांचे काम नव्हे.

अशा मोहिमेची बातमी छापताना आपल्या प्रतिनिधीने काट्याची पावती किती टनांची होती, तेवढे विचारावे ही विनंती.

आपला,
एक वाचक