स्वेटरच्या अपिलाचा मसुदा

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांनी पाठवलेली विक्रीच्या साइटची नोटीस काल रात्री नीट वाचली. आईच्या स्वेटरचं लिस्टिंग ‘संरक्षित वन्यप्राण्यांपासून बनवलेल्या वस्तू’ या नियमाखाली काढलंय. लोकरीचा स्वेटर आणि वन्यप्राणी! आधी हसूच आलं. मग शीर्षक पुन्हा पाहिलं आणि उलगडा झाला. ते मीच टाइप केलं होतं: Hand-knitted cardigan, ivory buttons. मला म्हणायचं होतं बटणांचा रंग, पण तपासणाऱ्याने, बहुधा मशीनने, वाचलं हस्तिदंत.

नियम मात्र उगाच नाही. 1989 मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या करारातल्या देशांनी आफ्रिकी हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार थांबवायचं ठरवलं. ईबेने 2009 पासून हस्तिदंताची विक्री बंद केली. चोरून विकणारे शब्द फिरवून लिहितात, म्हणून गाळणी बारीक ठेवावी लागते. त्या गाळणीत आपण अडकलो.

बाबा, तुमचं पहिलं अपील वाचलं. रागावू नका, पण ते नामंजूर होणारच होतं. पहिली अर्धी बाजू आपल्या प्रामाणिकपणाची, आणि शेवटी कुठून तरी उतरवलेलं वाक्य: ‘झालेल्या नियमभंगाबद्दल दिलगीर आहोत, पुन्हा असे होणार नाही.’ हे वाक्य खरंच चूक केलेल्यांसाठी असतं. असे लोक चूक का झाली ते सांगतात आणि सुधारणेचा आराखडा देतात. आपण म्हणतोय की नियम मोडलाच नाही. मग दिलगिरी कशाची? वाचणाऱ्याला ती कबुलीच वाटते. आणि बटणं कशाची आहेत, हा त्याचा एकमेव प्रश्न, त्याचं उत्तर त्या पत्रात कुठेच नव्हतं.

म्हणून नवा मसुदा असा केलाय:

‘लिस्टिंग क्रमांक (नोटिशीतला) वन्यप्राणी-उत्पादनांच्या नियमाखाली काढले आहे. या वस्तूत हस्तिदंत किंवा कोणत्याही प्राण्याचे हाड, शिंग वा दात नाही. बटणे प्लास्टिकची आहेत. शीर्षकातला ivory हा शब्द बटणांच्या रंगासाठी होता. सोबत बटणांच्या खरेदीचे बिल, बटणाच्या दोन्ही बाजूंचे जवळून घेतलेले फोटो आणि पाकिटावरील लेबलचा फोटो जोडला आहे. गैरसमज टळावा म्हणून शीर्षक व वर्णनात cream buttons, plastic असा बदल करण्यास आम्ही तयार आहोत. कृपया लिस्टिंग पुन्हा सुरू करावे.’

बस, एवढंच. शब्द बदलायची तयारी दाखवली म्हणजे दोष मान्य केला असं नाही. फक्त वाचणाऱ्याला ‘हो’ म्हणणं सोपं जातं.

खरी मदार बिलावर आहे. त्यावर विक्रेत्याचं नाव, तारीख आणि ‘प्लास्टिक बटणे’ असा स्पष्ट उल्लेख हवा. खरेदीदार म्हणून ज्याचं नाव आहे, तेच नाव आपल्या विक्रेता-खात्यावर आहे ना, तेही बघा. खातं आईच्या नावावर आहे आणि बिल बाबांच्या नावावर असेल, तर तसं एका ओळीत आधीच सांगून टाकू. बिलावर खाडाखोड करू नका, हाताने काही लिहू नका. फेरफाराचा संशय आला तर प्रकरण एका लिस्टिंगवर न थांबता खात्यापर्यंत जातं. फोटो उजेडात, साध्या कागदावर बटण ठेवून काढा. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात. आपल्या बटणावर त्या नसतील, उलट कडेला साच्याची शिवण दिसली तर तीच जवळून टिपा. फक्त फोटोवर विसंबू नका, फोटोतून पदार्थ कोणता ते खात्रीने ओळखता येत नाही.

आणखी एक. आई, तू फोनवर म्हणालीस की तोच स्वेटर नव्याने टाकून बघते. तेवढं करू नकोस. काढलेली वस्तू पुन्हा टाकणं म्हणजे बंदी चुकवणं असं धरतात, आणि मग आपली खरी बाजूसुद्धा लंगडी पडते. जुन्या लिस्टिंगलाही हात लावू नका. उत्तर साध्या मेलवर न देता खात्यातल्या त्या नोटिशीखालच्या अपिलाच्या बटणावरूनच द्यायचं, म्हणजे ते त्याच प्रकरणाला जोडलं जातं. मुदत दिली असेल तर ती तारीख मला कळवा. आणि एकदा पाठवलं की रोज नवं पाठवायचं नाही, बाबा. हे तुमच्यासाठी!

बाकीच्या लिस्टिंगमध्ये तो शब्द आणखी दोन ठिकाणी सापडला, एक शाल आणि एक टोपी. ते मी आजच बदलते.

आई, बिल तुझ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या रिकाम्या पाकिटाबरोबरच असेल. पाकीट टाकू नकोस, दोन्हींचे फोटो पाठव. मसुद्यात क्रमांक भरून मी तुम्हाला परत पाठवते, मग बाबांनी एकदा वाचून पाठवून द्यावं.

तुमची,
मनू