दवबिंदूची साक्ष

प्रिय दोस्ता,

काल दुपारी दोन तास मी अगदी निरुपयोगी काम केलं. हवामानाचं एक साधं पत्रक घेतलं आणि ते जसंच्या तसं एका वैतागलेल्या खाजगी गुप्तहेराच्या तोंडी घातलं. का, ते विचारू नकोस. मजा आली म्हणून तुला लिहितोय, एवढंच.

आधी मूळ मजकूर वाच, म्हणजे पुढचं सगळं कळेल:

«आकाश अंशतः ढगाळ राहील. सायंकाळनंतर मेघगर्जनेसह मध्यम पावसाची शक्यता ७० टक्के. कमाल तापमान ३४, किमान २५ अंश सेल्सिअस. सापेक्ष आर्द्रता सकाळी ८९, दुपारी ५६ टक्के. दवबिंदू २४ अंश. वारे नैर्ऋत्येकडून ताशी १५ ते २० किलोमीटर. गडगडाटाच्या वेळी सोसाट्याचा वारा ताशी ५० किलोमीटरपर्यंत. हवेचा दाब १००४ हेक्टोपास्कल, घसरता.»

बघ, किती कोरडं आहे! मला तेच हवं होतं. आधी मी वर्तमानपत्रातली पावसाची बातमी घेऊन बसलो होतो, पण तिचं काही होईना. कारण आपल्या बातम्यांमध्ये पाऊस मुळातच फरारी गुन्हेगार असतो. तो दडी मारतो, हुलकावणी देतो, मग अचानक हजेरी लावतो, झोडपतो, धुमाकूळ घालतो. त्यावर गुप्तहेर बसवायचा म्हणजे मिशीला मिशी चिकटवायची. विनोद होतो तो कोरड्या मजकुराच्या आणि घोगऱ्या आवाजाच्या टकरीतून. म्हणून ज्यात कोणी काहीच करत नाही, नुसती शक्यता असते, असं पत्रक शोधलं.

स्वतःला एकच अट घातली होती: एकही आकडा बदलायचा नाही आणि एकही गाळायचा नाही. वाचणाऱ्याला गुप्तहेराच्या बडबडीतून मूळ पत्रक परत लिहून काढता आलं पाहिजे. ही अट नसती तर मी पहिल्याच परिच्छेदात गल्लीत एक प्रेत टाकून मोकळा झालो असतो, आणि मग हवामान राहिलंच नसतं. वैतागलेल्या गुप्तहेराची ही शैली १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांतून वाढली, आणि त्या कथांमध्ये पाऊस बहुधा नेपथ्याला असतो. इथे नेपथ्यालाच पिंजऱ्यात उभं करायचं होतं.

पहिली अडचण काळाची. पत्रक सगळं भविष्याचं: राहील, शक्यता. गुप्तहेर मात्र घडून गेलेलं सांगतो. ‘मी भिजेन’ म्हणणारा गुप्तहेर ज्योतिषी वाटतो. बराच वेळ अडलो. मग लक्षात आलं, की अंदाज म्हणजे खबर. खबऱ्या सकाळी येऊन सांगून गेला, आणि आपला माणूस दिवसभर पाळत ठेवून बसलाय. खबर मिळाली हा भूतकाळ, पाळत हाही भूतकाळ, पाऊस अजून यायचाच आहे. शिवाय ७० टक्क्यांना आपोआप अर्थ आला: खबऱ्याने असं दहा वेळा सांगितलं तर साधारण सात वेळा खरं ठरतं. सत्तर टक्के भागात पडेल किंवा सत्तर टक्के वेळ पडेल, असं त्याने म्हटलेलंच नसतं.

दुसरी अडचण उपमांची, आणि इथे मराठीने मला चांगलंच नाचवलं. या शैलीत उपमेचा दणका वाक्याच्या शेवटी बसावा लागतो. आपल्याकडे शेवटी क्रियापद येऊन बसतं. ‘घाम कॉलरमागे वसुलीवाल्यासारखा उभा होता’ लिहिलं, तर वसुलीवाला मध्येच येतो आणि ‘उभा होता’ त्याची हवा काढून टाकतं. उपाय साधा निघाला: वाक्य तोडायचं. ‘घाम कॉलरमागे उभा होता. वसुलीवाला दारात उभा राहतो, तसा.’ आता बसला की नाही? पण हे एकदाच करायचं. पहिल्या खर्ड्यात मी नऊ उपमा टाकल्या होत्या. वाचताना गुप्तहेर नव्हे, स्नेहसंमेलनात गुप्तहेर झालेला मुलगा डोळ्यांसमोर आला. आठ कापल्या.

खरी मजा मात्र आकड्यांमध्ये निघाली. सापेक्ष आर्द्रता सकाळी ८९ आणि दुपारी ५६. पहिल्यांदा मी लिहिलं की दुपारपर्यंत ओलावा पळून गेला. मग दवबिंदूकडे नजर गेली. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या किती टक्के आत्ता आहे ते. दुपारी हवा तापली की ती मर्यादाच वाढते, आणि वाफ तेवढीच असूनही टक्केवारी खाली येते. दवबिंदू हा किती थंड केल्यावर याच वाफेचं पाणी व्हायला लागेल ते सांगतो, म्हणून तो तापमानाबरोबर डळमळत नाही. मी गणित करून पाहिलं: दवबिंदू २४ धरला तर सकाळी २६ अंशांना ८९ टक्के आणि दुपारी ३४ अंशांना ५६ टक्के, बरोबर येतं. म्हणजे एक साक्षीदार जबाब फिरवतोय, दुसरा दिवसभर एकच गोष्ट सांगतोय. आणि वाफ कुठेही गेलेली नाही. मला वेगळं कथानक रचावंच लागलं नाही रे, पत्रकातच होतं!

दाबाच्या बाबतीत मात्र मी तोंडावर आपटलो. ‘घसरता’ हा शब्द दिसल्याबरोबर लिहिलं: ‘दाब घसरत होता. त्याला काहीतरी माहीत होतं.’ वाक्य झकास, पण खोटं. उष्ण प्रदेशात हवेचा दाब रोजच सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने उतरतो, निरभ्र दिवशीसुद्धा. रात्री पुन्हा तोच खेळ. तेव्हा दुपारची घसरण हा पुरावा नव्हे. कालच्या याच वेळेपेक्षा दाब बराच कमी असता, तर गोष्ट वेगळी. झकास वाक्य पुसताना जिवावर आलं, पण त्या जागी जे आलं ते मला जास्त आवडलं. आमच्या माणसाला एक खोटा धागा मिळाला, आणि तो त्याने ओळखला.

आता वाच.

«खबर सकाळी आली. संध्याकाळनंतर पाऊस. मध्यम बांध्याचा, गडगडाट करत येणारा. खात्री सत्तर टक्के. या धंद्यात सत्तर म्हणजे पुष्कळ. मी तीस टक्क्यांवर संसार करून पाहिलाय.

आभाळ अर्धवट झाकलेलं होतं. काही लपवायचं असतं तेव्हा लोक पूर्ण झाकत नाहीत.

आर्द्रता सकाळीच भेटली. ‘एकोणनव्वद टक्के,’ म्हणाली. दुपारी पुन्हा गाठली. ‘छप्पन.’ नजर दुसरीकडे. मी काही बोललो नाही. जबाब फिरवणारे पाहिलेत मी. कोपऱ्यात दवबिंदू बसला होता. त्याच्याकडे वळलो.

‘चोवीस.’

‘आणि सकाळी?’

‘चोवीस.’

माल अजून हवेतच होता. कुणीही हलवला नव्हता.

पारा चौतीसवर जाऊन बसला होता. रात्रीही पंचवीसच्या खाली उतरायचा त्याचा विचार नव्हता. घाम कॉलरमागे उभा होता. वसुलीवाला दारात उभा राहतो, तसा.

दाब एक हजार चारवर होता आणि खाली निघाला होता. मी घड्याळ पाहिलं. चार वाजायला दहा मिनिटं. हा रोज याच वेळी उतरतो. रोजच्या वेळेला जिना उतरणाऱ्याचा पाठलाग करून पायच दुखतात. बसून राहिलो.

नैर्ऋत्येचा वारा ये-जा करत होता. ताशी पंधरा, फार तर वीस. कुठून आला ते तो नावातच सांगतो. कुठे चाललास विचारलं की गप्प.

संध्याकाळ झाली. खबऱ्या जाताना एवढंच म्हणाला होता: तो आला तर दार आपटून येईल. ताशी पन्नास.

दार मी उघडंच ठेवलं.»

कसं वाटलं? वाऱ्याचं ते नाव मला भारी आवडतं. वाऱ्याला आपण तो जिथून येतो त्या दिशेने ओळखतो, हे लहानपणापासून माहीत आहे, पण त्याला उलटतपासणीला बसवेपर्यंत त्यातली गंमत दिसली नव्हती. ‘मध्यम बांध्याचा’ मात्र मला अजून खुपतो. मध्यम पाऊस म्हणजे ठरावीक मिलिमीटरांतला पाऊस, आणि मी त्याला अंगकाठी देऊन टाकली. मूळ पत्रक परत लिहिणाऱ्याला ‘मध्यम’ शब्द सापडतो, म्हणून नियमात बसतं असं स्वतःला समजावलं. तुला सोडवत नसेल तर बदलून पाठव.

आणि हो, पुढे काय झालं ते राहिलंच. संध्याकाळी सातच्या सुमारास वारा एकदम पडला. पान हलेना. मग वेगळ्याच बाजूने, उत्तरेकडून, गार झोत आला आणि खोलीचं दार खरोखरच आपटलं. पाच मिनिटांत अंगावरचा घाम गेला. लांबवर गडगडलं. वीज चमकल्यावर मी सेकंद मोजले: छत्तीस. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे स्वारी बारा किलोमीटरवर होती. तिथे पावसाने गार झालेली हवा ढगाखालून जमिनीवर आदळून चहूकडे पसरत होती, आणि तिची कड तेवढी माझ्यापर्यंत पोचली. पाऊस तिकडेच पडून गेला. इथे थेंब नाही.

खबऱ्याला दोष देत नाही. तीस टक्के त्याने मोकळे ठेवले होते, ते मीच विसरलो होतो. रात्री मजकुराखाली एक ओळ वाढवली:

«दार आपटलं. दारात कोणी नव्हतं.»

तुझाच,
(अजून कोरडा)

ता. क. – तुझ्यासाठी एक प्रकरण राखून ठेवलंय. धुक्याचं पत्रक: ‘पहाटे दृश्यमानता ५० मीटर, वारा शांत, दवबिंदू आणि तापमान समान.’ यात साक्षीदाराला आणि आरोपीला एकच आकडा आहे. बघ, तुला कबुली काढता येते का.